चलनविषयक धोरण : सात दिवसांची उजळणी

परीक्षेस एक सप्ताह शिल्लक राहिला असताना चलनविषयक धोरणाचा भाग पाठ्यपुस्तकातील क्रमानेच पुन्हा वाचावयास घेणे, ही जी सर्वत्र रूढ पद्धत आहे, ती विद्यार्थ्याच्या हिताची नाही. कारण पुस्तकाचा क्रम विषयाच्या उपपत्तीला धरून लावलेला असतो आणि परीक्षकाचा क्रम गुणांना धरून. पुस्तक पैशाच्या व्याख्येपासून आरंभ करते, पैशाच्या मागणीविषयीच्या सिद्धांतांवर पृष्ठांमागून पृष्ठे खर्च करते, आणि ज्या साधनांवर व ज्या समितीवर प्रश्न हमखास विचारले जातात त्यांचा परिचय, वाचकाची शक्ती सरत आली असता, शेवटच्या प्रकरणात करून देते. जालना, अंबड, परतूर किंवा भोकरदन येथील महाविद्यालयात पदवीसाठी अर्थशास्त्र घेतलेल्या विद्यार्थ्याने म्हणूनच पहिल्या दिवसाचा पहिला तास वाचनात न घालविता महाविद्यालयाच्या ग्रंथालयातील दप्तरात ठेवलेल्या मागील पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका पुढे घेऊन बसावे, आणि कोणत्या विषयावर कोणत्या साली किती गुणांचा प्रश्न आला, याची एक साधी याददास्त तयार करावी.

ही याददास्त कशी वापरावयाची, ते एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट करतो. समजा, पतनियंत्रणाच्या साधनांवर पाचपैकी चार वर्षी 15 गुणांचा दीर्घोत्तरी प्रश्न आला. म्हणजे दर वर्षाची सरासरी 12 गुणांची झाली. धोरणाचा परिणाम कर्जदारापर्यंत कसा पोहोचतो व कोठे अडतो, या विषयावर तीन वर्षी तसाच प्रश्न आला, सरासरी 9. पतधोरण समिती व चलनवाढीचे लक्ष्य यांना मिळून सरासरी 6, गुणात्मक साधनांवरील टीपांना 4, आणि पैशाच्या मागणीच्या सिद्धांतांना 3. आता प्रत्येक विषय नीट तयार करण्यास आपणांस किती तास लागतील, हे विद्यार्थ्याने प्रामाणिकपणे त्यापुढे लिहावे. गुणात्मक साधनांना दोन तास पुरतात, तर मागणीच्या सिद्धांतांना आठ तासही अपुरे पडतात. आणि चाराला दोन तास व तिनाला आठ तास हा हिशेब एकदा डोळ्यांसमोर आला, की शेवटच्या सप्ताहात केन्स आणि फ्रीडमन यांचा वाद नव्याने समजून घेण्याचा मोह आपोआप आवरतो. तो विषय कमी महत्त्वाचा आहे असे नव्हे. माझ्या मते साऱ्या चलनशास्त्रात तोच सर्वांत विचारप्रवर्तक आहे. परंतु सात दिवसांत तो पचत नाही.

तथापि गुण आणि तास यांचे गुणोत्तर काढून तोच क्रम डोळे मिटून पाळावा, असेही मी म्हणणार नाही. काय वाचावयाचे हे गुणांनी ठरवावे, आणि केव्हा वाचावयाचे हे काठिण्याने. अधिक गुणांचा कठीण विषय सप्ताहाच्या पूर्वार्धात यावा, म्हणजे त्याकडे पुन्हा एकदा वळण्यास अवकाश राहतो. कमी गुणांचे सोपे विषय, ज्यांत तारखा, कलमे आणि दर यांचाच भरणा असतो, ते उत्तरार्धात यावेत, कारण जे केवळ स्मरणाने धरावयाचे ते लवकर धरले तर लवकर सुटते.

पहिल्या दिवसाचा उरलेला वेळ संख्यात्मक साधनांना द्यावा. रोख राखीव प्रमाण, वैधानिक रोखता प्रमाण, रेपो दर, बँक दर आणि खुल्या बाजारातील रोख्यांची खरेदी-विक्री ही पाच साधने बहुतेकांना नावानिशी ठाऊक असतात. गुण जातात ते त्यांची यंत्रणा लिहिताना. राखीव प्रमाण हे बँकेकडील मागणी व मुदत देणींच्या निव्वळ रकमेवर आकारले जाते आणि तो पैसा रिझर्व्ह बँकेकडे बिनव्याजी पडून राहतो; वैधानिक रोखता मात्र बँकेने स्वतःजवळच रोकड, सोने आणि मुख्यत्वेकरून सरकारी रोखे यांच्या रूपाने ठेवावयाची असते व त्या रोख्यांवर व्याज मिळते. दोन्ही प्रमाणांची बेरीज करून तेवढा पैसा एकाच मार्गाने नाहीसा झाला असे लिहिणारे विद्यार्थी पुष्कळ आढळतात. परंतु रोख्यांत गुंतविलेला पैसा सरकारच्या खर्चावाटे पुन्हा बाजारात उतरतो, आणि रिझर्व्ह बँकेकडे ठेवलेला उतरत नाही, हा भेद जो एका वाक्यात मांडील त्याचे उत्तर परीक्षकाच्या ध्यानात राहील.

दुसऱ्या दिवशी पतनिर्मिती आणि तरलतेची दैनंदिन व्यवस्था. पतनिर्मितीचे कोष्टक सर्वांच्या परिचयाचे आहे : बँकेत 10,000 रुपयांची ठेव आली, राखीव प्रमाण 4 टक्के असले तर 400 रुपये बाजूस काढून 9,600 कर्जाऊ दिले, ते दुसऱ्या बँकेत ठेव म्हणून गेले, तेथून 9,216 पुढे गेले, आणि अशा रीतीने शेवटी एकूण ठेवी 2,50,000 रुपयांपर्यंत पोहोचल्या. कोष्टक बरोबर आहे. परंतु त्यावरून भारतात पैसा पंचवीसपट वाढतो असा निष्कर्ष काढणे चूक आहे. प्रत्यक्षातील मुद्रा गुणक पाच-सहाच्या घरात असतो, आणि याचे कारण जालन्याच्या मोंढ्यात किंवा कापसाच्या खरेदी केंद्रावर उभे राहिले तर सहज समजते. दिवाळीच्या सुमारास कापूस विकून जो पैसा शेतकऱ्याच्या हाती येतो, त्यातील बराच भाग मजुरी, उधारी आणि लग्नकार्य यांसाठी रोख स्वरूपात फिरत राहतो, बँकेत ठेव म्हणून परतत नाही. आणि जो परतत नाही त्यावर पुढची पत उभी राहत नाही. रिझर्व्ह बँक पूर्वी वर्षातून दोन वेळा, एकदा हंगामाच्या तेजीच्या काळासाठी व एकदा मंदीच्या काळासाठी, धोरण जाहीर करीत असे, ती प्रथा शेतमालाच्या याच रोकड-मागणीतून आली होती. कोष्टकाखाली हे दोन शब्दांत लिहिणारा विद्यार्थी गुणकाचे सूत्र जाणतो आणि त्याची मर्यादाही जाणतो, असे परीक्षकास दिसते.

त्याच दिवसाचा उत्तरार्ध तरलता समायोजन सुविधेला द्यावा. हा भाग कठीण वाटतो, पण तो तीन दरांचा खेळ आहे. मधला दर रेपोचा : बँक सरकारी रोखे तारण देऊन रिझर्व्ह बँकेकडून अल्प मुदतीचा पैसा घेते तो दर. त्याच्यावर पाव टक्क्याने अधिक असा सीमांतिक स्थायी सुविधेचा दर, ज्या दराने अडचणीतील बँकेला एका रात्रीपुरता पैसा मिळू शकतो. त्याच्याखाली पाव टक्क्याने कमी असा स्थायी ठेव सुविधेचा दर, ज्या दराने बँक आपला अतिरिक्त पैसा रिझर्व्ह बँकेकडे ठेवू शकते. रिझर्व्ह बँकेकडे ठेवून अमुक दर निर्धास्तपणे मिळत असताना कोणतीही बँक दुसऱ्या बँकेस त्याहून स्वस्त कर्ज देणार नाही, आणि रिझर्व्ह बँकेकडून अमुक दराने पैसा मिळत असताना दुसरीकडे त्याहून महाग घेणार नाही. म्हणून बँकांतील परस्पर कर्जाचा एका दिवसाचा दर या दोन मर्यादांच्या आत राहतो. हा तर्क जो स्वतःच्या शब्दांत लिहू शकतो त्याला व्याख्या पाठ करण्याची गरज उरत नाही.

येथे एक प्रश्न हुशार विद्यार्थ्यालाही अडवितो : अतिरिक्त पैसा शोषून घेण्यास रिव्हर्स रेपो असताना एप्रिल 2022 मध्ये स्थायी ठेव सुविधा निराळी कशासाठी आणली? रिव्हर्स रेपोत रिझर्व्ह बँकेला बँकांच्या पैशाच्या मोबदल्यात आपल्याजवळील सरकारी रोखे तारण द्यावे लागतात, स्थायी ठेवीत द्यावे लागत नाहीत. 8 नोव्हेंबर 2016 च्या नोटाबंदीनंतर बँकांकडे ठेवींचा एवढा लोट आला की, तारण देण्यास रोखे अपुरे पडण्याचा प्रसंग आला, आणि 16 सप्टेंबर ते 11 नोव्हेंबर या काळात वाढलेल्या देणींवर शंभर टक्के राखीव ठेवण्याचा तात्पुरता हुकूम रिझर्व्ह बँकेला काढावा लागला. रोख्यांच्या संख्येने हात बांधले जाऊ नयेत, हा नव्या सुविधेचा हेतू या प्रसंगावरून जितका स्पष्ट होतो तितका कोणत्याही व्याख्येने होत नाही.

तिसरा दिवस पतधोरण समितीचा. हा विषय कठीण नाही, मात्र नेमकेपणा मागतो. रिझर्व्ह बँकेच्या 1934 च्या कायद्यात 2016 मध्ये दुरुस्ती होऊन चलनवाढीचे लक्ष्य ठरविण्याचा अधिकार, रिझर्व्ह बँकेशी विचारविनिमय करून, केंद्र सरकारला मिळाला. लक्ष्य पाच वर्षांतून एकदा ठरवावयाचे असते, आणि पहिल्यांदा ते ग्राहक किंमत निर्देशांकावर 4 टक्के, वर-खाली 2 टक्क्यांच्या मुभेसह, असे ठरले. समितीत सहा सदस्य : गव्हर्नर, एक उपगव्हर्नर, मध्यवर्ती संचालक मंडळाने नामनिर्देशित केलेला बँकेचा एक अधिकारी, आणि सरकारने चार वर्षांसाठी नेमलेले तीन. मते समसमान पडली तर गव्हर्नरचे निर्णायक मत. वर्षातून किमान चार बैठका व्हाव्यात अशी कायद्याची तरतूद आहे. प्रत्यक्षात सहा होतात, आणि या दोहोंतील फरक लिहिण्यास विसरू नये. चलनवाढीची सरासरी सलग तीन तिमाह्या मुभेबाहेर राहिली, तर ते अपयश मानले जाते व रिझर्व्ह बँकेला कारणे, उपाय आणि लक्ष्य गाठण्यास लागणारी अंदाजित मुदत यांचा अहवाल सरकारला द्यावा लागतो. तसा प्रसंग 2022 मध्ये जानेवारी ते सप्टेंबर या तीन तिमाह्यांत आला, आणि त्यासाठी समितीची खास बैठक नोव्हेंबरात भरली. या एका उदाहरणाने पाच गुणांची टीप पूर्ण होते.

चौथा दिवस मात्र संपूर्ण एकाच विषयाला द्यावा, आणि या सप्ताहात कोणत्या दिवसावर हात आखडता घेऊ नये असे मला विचारले, तर मी याच दिवसाकडे बोट दाखवीन. विषय आहे धोरणाच्या संक्रमणाचा : रेपो दर बदलला, तर त्याचा परिणाम प्रत्यक्ष कर्जदारापर्यंत कसा जातो? पुस्तकी उत्तर असे असते की, रेपो वाढला म्हणजे पैशाचा पुरवठा घटतो आणि भाव उतरतात. या वाक्यात मधल्या साऱ्या पायऱ्या गाळलेल्या असतात. बँकेचा निधी महागणे, तिने कर्जाचे व्याज वाढविणे, कर्जाची मागणी मंदावणे, खर्च व गुंतवणूक आवरली जाणे, आणि मग भावांवरचा दाब कमी होणे, यांपैकी प्रत्येक पायरीवर अडथळा असू शकतो, आणि गुण त्या अडथळ्यांसाठी आहेत.

जालना जिल्ह्यातील तीन कर्जदार घेऊन हे उत्तर बांधता येते. पहिला, जालना शहरातील एक नोकरदार, ज्याने घरासाठी 20 लाख रुपयांचे कर्ज वीस वर्षांच्या मुदतीने काढले आहे. 1 ऑक्टोबर 2019 पासून बँकांनी अशी नवी बदलत्या व्याजाची कर्जे रेपोसारख्या बाह्य मानदंडाशी जोडावीत असा नियम आहे, आणि दराचे पुनर्निर्धारण तीन महिन्यांतून किमान एकदा व्हावे लागते. त्याचा दर साडेआठ टक्क्यांवरून सव्वाआठवर आला, तर मासिक हप्ता सुमारे 17,356 रुपयांवरून 17,041 वर येतो. म्हणजे महिन्याला सुमारे 315 रुपये. धोरण येथे पोहोचले, थोडे उशिरा, पण पोहोचले. दुसरा, औद्योगिक वसाहतीत पोलाद कारखान्यांसाठी सुटे भाग घडविणारा लघुउद्योजक. त्याचेही कर्ज त्याच नियमाखाली येते, व त्याचाही दर उतरतो. परंतु बांधकामे थंडावली असली आणि सळईला गिऱ्हाईक नसले, तर व्याज स्वस्त झाले एवढ्यासाठी तो नवे यंत्र घेणार नाही. दर पोहोचला, मागणी पोहोचली नाही. तिसरा, घनसावंगी तालुक्यातील कापूस आणि सोयाबीन करणारा शेतकरी. त्याचे तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज सरकारी व्याज-सवलतीमुळे 7 टक्क्यांना मिळते, वेळेवर परतफेड केल्यास ते 4 टक्क्यांना पडते, आणि महाराष्ट्र शासनाच्या डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे नियमित फेड करणाऱ्यास ते बिनव्याजी होते. मे 2022 ते फेब्रुवारी 2023 या अवधीत रेपो 4 टक्क्यांवरून साडेसहावर चढला, तेव्हा नोकरदाराचा हप्ता वाढला, उद्योजकाचे व्याज वाढले, पण या शेतकऱ्याच्या पीककर्जाचा दर जागचा हलला नाही. आणि 2025 मध्ये दर उतरत गेले, तेव्हाही नाही. ज्याने सावकाराकडून दरमहा शेकड्याने पैसा उचलला आहे, तो तर या यंत्रणेच्या पूर्णपणे बाहेर आहे. एकाच जिल्ह्यात एकच धोरण कोणाला कवळून जाते आणि कोणाला शिवतही नाही, हे असे दाखविले म्हणजे पंधरा गुणांच्या उत्तराला कणा मिळतो.

उत्तर समजून लिहिले आहे की घोकून, याची परीक्षा विद्यार्थ्याने स्वतःच करावी. रेपो वाढल्याचा क्रम लिहून झाल्यावर तो मिटवावा, आणि रेपो कमी झाल्याचा संपूर्ण क्रम, पुस्तक न पाहता, उलट दिशेने लिहावा. जेथे हात थांबेल तेथे समज थांबलेली आहे, असे खुशाल मानावे व नेमके तेवढेच पुन्हा वाचावे.

पाचव्या दिवशी मर्यादा आणि इतिहास. मर्यादांत सर्वांत वजनदार मुद्दा अन्नधान्याच्या भावांचा. 2012 हे आधारवर्ष असलेल्या ग्राहक किंमत निर्देशांकात खाद्य व पेयपदार्थांचा भार 45.86 टक्के होता. आणि 2012-13 च्या दुष्काळात जालन्यातील मोसंबीच्या बागा वाळल्या, तशी आपत्ती देशाच्या मोठ्या भागावर आली, तर डाळी आणि भाजीपाला ज्या कारणाने महागतो त्या कारणावर रेपो दराचा काहीही इलाज चालत नाही. मग अशा वेळी समिती दर वाढविते तरी का? महागाई टिकून राहील असे लोक धरून चालू लागले, की मजुरी, भाडी आणि इतर वस्तूंचे भावही त्या अपेक्षेने चढू लागतात; धोरणाचा रोख पहिल्या भाववाढीवर नसून या दुसऱ्या फेरीवर असतो. हा मुद्दा फार थोड्या उत्तरपत्रिकांत सापडतो.

इतिहासात 1985 चा सुखमय चक्रवर्ती समितीचा अहवाल आणि 2014 चा ऊर्जित पटेल समितीचा अहवाल या दोहोंवर भर द्यावा : पहिल्याने पैशाच्या पुरवठ्यावर लक्ष ठेवण्याचा मार्ग दाखविला, दुसऱ्याने चलनवाढीच्या दराला लक्ष्य मानण्याचा. मराठवाड्यातील विद्यार्थ्यास येथे एक जवळचा दाखला उपलब्ध आहे. निजामाच्या राज्यात जालना औरंगाबाद जिल्ह्याचा भाग असताना येथील व्यवहार हाली सिक्क्यात चालत, आणि सुमारे सात हाली रुपयांना सहा कलदार असा विनिमय स्थिर राखला जात असे. स्वतःचे चलन होते, 1941 च्या कायद्याने स्थापन झालेली हैदराबाद स्टेट बँकही त्याचा कारभार पाहत होती. परंतु विनिमयदर कलदाराशी बांधून ठेवावयाचा आणि ब्रिटिश हिंदुस्थानाशी पैशाची ये-जा मोकळी ठेवावयाची म्हटल्यावर व्याजदर स्वतंत्रपणे ठरविण्यास फारशी जागा उरत नाही. स्थिर विनिमयदर, मुक्त भांडवल आणि स्वतंत्र धोरण ही तिन्ही एकत्र साधत नाहीत, हे तत्त्व पुढील वर्गात भेटेल. त्याचा आरंभ या दाखल्याने करावा.

सहाव्या दिवशी गुणात्मक साधने दोन तासांत आटोपावीत : कर्जावरील सुरक्षित अंतर, पतपुरवठ्याचे वाटप, नैतिक समजावणी, प्रत्यक्ष कारवाई, प्रत्येकास एक व्याख्या व एक उदाहरण पुरे. नंतर घड्याळ लावून संक्रमणावरील दीर्घ उत्तर एकदा सबंध लिहून काढावे. वाचताना जे पंधरा मिनिटांचे वाटते ते लिहिताना तीस मिनिटे घेते, आणि कोणता परिच्छेद गाळावयाचा याचा निर्णय परीक्षागृहात करण्यापेक्षा घरी केलेला बरा.

सातव्या दिवशी नवीन काहीही वाचू नये. एका कागदावर दर लिहून काढावेत, आणि ते पाठ्यपुस्तकातून न घेता रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावरून घ्यावेत. पुस्तकातील दर छापताक्षणीच शिळे होऊ लागतात. 5 डिसेंबर 2025 रोजी रेपो 5.50 वरून 5.25 टक्क्यांवर आला, तेव्हा त्याबरोबर स्थायी ठेवीचा दर 5.00, सीमांतिक सुविधेचा व बँक दर 5.50 झाला, राखीव प्रमाण त्याआधीच चार टप्प्यांत 4 वरून 3 टक्क्यांवर आले होते, आणि वैधानिक रोखता 18 टक्के होती. रेपो कळला की त्याला बांधलेले इतर तीन दर पाव टक्क्याच्या हिशेबाने स्वतः काढता येतात, तेव्हा पाठ करावयाचे आकडे वस्तुतः तीनच उरतात. दर पाव टक्क्याने उतरला हे लिहिताना पंचवीस टक्क्यांनी उतरला असे कित्येकदा लिहिले जाते; पंचवीस हे टक्क्याचे शंभरांश आहेत, टक्के नव्हेत. प्रत्येक दरापुढे तो कोणत्या तारखेचा आहे हे उत्तरात अवश्य लिहावे. कारण प्रश्नपत्रिका पूर्वीच निघालेली असते, आणि परीक्षेच्याच सप्ताहात समितीची बैठक होऊन दर बदलला, तर परीक्षकाच्या हातातील आदर्श उत्तरात जुना आकडा असू शकतो. अशा वेळी जुना दर त्याच्या तारखेसह आणि नवा दर त्याच्या तारखेसह, असे दोन्ही एका ओळीत लिहावेत, म्हणजे कोणत्याही बाजूने गुण कापण्यास कारण राहत नाही.